क्रेडिट कार्डाचं बिल जवळजवळ पूर्ण भरलं, तरी एवढं व्याज का लागलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळीस हजारांचं बिल आलं, त्यातले अडतीस हजार मुदतीत भरले आणि दोन हजार पुढच्या महिन्यावर ठेवले. पुढच्या बिलात दोन हजारांहूनही जास्त व्याज लागलेलं दिसतं, त्यावर जीएसटी वेगळा. बँकेनं चूक केली असं पहिल्यांदा वाटतं. बहुतेक वेळा ती चूक नसते, तर कार्डाच्या अटींमध्ये लिहिलेला हिशेब असतो. पण तो हिशेब नेमका कसा झाला हे तपासून पाहण्यासारखं नक्की असतं, कारण त्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्या आकड्यांत फार मोठा फरक पडतो.

मी फक्त दोन हजार बाकी ठेवले. व्याज तेवढ्यावरच का नाही?

कार्डावर खरेदी केली की दुकानदाराचे पैसे बँक देते. म्हणजे कर्ज त्याच दिवशी सुरू होतं. तरी आपल्याला व्याज लागत नाही, कारण बँक एक सवलत देते: बिलावरची एकूण देय रक्कम, म्हणजे टोटल अमाउंट ड्यू, ड्यू डेटपर्यंत पूर्ण भरली तर त्या खरेद्यांवरचं व्याज माफ. हीच व्याजमुक्त मुदत. खरेदी बिलाच्या चक्राच्या सुरुवातीला केली तर ती पन्नास दिवसांच्या आसपास मिळते, बिल निघण्याच्या आदल्या दिवशी केली तर वीसेक दिवसच.

ही सवलत सशर्त आहे आणि अट ‘पूर्ण’ भरण्याची आहे. ९५ टक्के भरलं म्हणून ९५ टक्के सवलत असा प्रकार नसतो. एकूण देय रकमेपेक्षा कमी भरलं की सवलतच जाते, आणि मग व्याज ड्यू डेटपासून नाही तर खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. जे व्याज माफ होणार होतं ते मागच्या तारखेपासून जागं होतं. दोन हजारांसाठी बसलेला धक्का मुळात दोन हजारांचा नसतो, तो गेलेल्या सवलतीचा असतो.

हे आकडे एकदा उलगडून दाखवाल का?

समजा बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि ड्यू डेट पुढच्या महिन्याची ४ आहे. व्याजदर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २० जूनला ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. २ जुलैला आणखी १०,००० खर्च झाले. १५ जुलैच्या बिलात एकूण देय ४०,००० आणि किमान देय २,०००. तुम्ही ४ ऑगस्टला ३८,००० भरले. मधे २५ जुलैला ६,००० रुपयांची एक नवी खरेदीही झाली होती. पुढचं बिल १५ ऑगस्टला निघालं.

प्रत्येक रकमेचा हिशेब या सूत्रानं होतो:

```
व्याज = रक्कम × वार्षिक दर × दिवस ÷ ३६५
```

पारंपरिक पद्धतीत, म्हणजे रोजच्या शिल्लक रकमेवर व्याज मोजताना, असं होतं. फ्रिजचे ३०,००० रुपये २० जूनपासून ४ ऑगस्टपर्यंत ४५ दिवस बँकेचे वापरले, त्याचं व्याज १,५५३ रुपये. १०,००० रुपये २ जुलैपासून ३३ दिवस वापरले, त्याचे ३८० रुपये. ४ ऑगस्टनंतर उरलेल्या २,००० रुपयांवर बिलाच्या तारखेपर्यंतचे ११ दिवस, म्हणजे जेमतेम २५ रुपये. आणि २५ जुलैच्या ६,००० रुपयांवर २१ दिवसांचे १४५ रुपये. बेरीज सुमारे २,१०३ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७९ रुपये. सगळे मिळून २,४८२.

बाकी ठेवलेल्या दोन हजारांचा या बेरजेतला वाटा फक्त २५ रुपयांचा आहे हे लक्षात घ्या. मुख्य भाग त्या ३८,००० रुपयांचा आहे जे तुम्ही वेळेवर भरले, पण भरेपर्यंत वापरत होता. काही बँका दिवस मोजताना सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरतात, त्यामुळे तुमच्या बिलातला आकडा थोडा पुढेमागे होऊ शकतो.

पण व्याज फक्त थकलेल्या रकमेवरच लावायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना?

आहे, आणि तो इथे फार महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेनं क्रेडिट कार्डांसाठी २०२२ मध्ये निर्देश काढले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यानुसार व्याज हे भरलेली रक्कम, रिफंड आणि उलटवलेले व्यवहार वजा करून उरलेल्या थकबाकीवर लावायचं आहे. पूर्ण बिल न भरल्यास व्याजमुक्त मुदत जाते, हे मात्र तसंच राहिलं. म्हणजे व्याज खरेदीच्या तारखेपासूनच लागणार, पण ते उरलेल्या रकमेवर.

वरचं उदाहरण या पद्धतीनं मोजू. भरलेले ३८,००० आधी जुन्या खरेदीवर वळते केले असं धरलं तर फ्रिज पूर्ण फिटला आणि उरलेले २,००० हे २ जुलैच्या खरेदीतले. त्यांवर २ जुलै ते १५ ऑगस्ट असे ४४ दिवस, व्याज १०१ रुपये. नव्या ६,००० रुपयांचे १४५ तसेच. एकूण २४६, जीएसटीसह सुमारे २९१ रुपये. एका पद्धतीत २,४८२ आणि दुसऱ्या पद्धतीत २९१. ग्राहकाचं वागणं तेच, तारखा त्याच.

म्हणून तुमचं बिल हातात घेऊन पहिली गोष्ट ही शोधा, की व्याज कोणत्या पद्धतीनं लागलं आहे. प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर कार्डाच्या महत्त्वाच्या अटींचा दस्तऐवज असतो, त्याला एमआयटीसी म्हणतात. त्यात व्याजाच्या हिशेबाचं एक सोडवलेलं उदाहरण असतं. अंशतः पैसे भरल्यावर, भरण्याच्या आधीच्या दिवसांसाठी पूर्ण रक्कम धरली आहे की फक्त उरलेली, एवढंच त्यात पाहायचं. मग त्याच पद्धतीनं तुमचे आकडे मांडा. कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. बिलातला आकडा बँकेच्या स्वतःच्या उदाहरणाशी जुळत नसेल, किंवा आधी भरलेल्या रकमेवरही व्याज लागलेलं दिसत असेल, तर लेखी हिशेब मागायला तुमच्याकडे पक्कं कारण आहे.

२५ जुलैची खरेदी तर नवीन होती. तिच्यावर व्याज कसं?

मागच्या बिलातलं काही बाकी असेल तर नव्या खरेदीलाही व्याजमुक्त मुदत मिळत नाही. हे बँकेनं ग्राहकाला उदाहरणासह समजावून सांगावं अशी रिझर्व्ह बँकेची अट आहे, आणि ते कार्डासोबत आलेल्या माहितीत छापलेलंही असतं. पण ती माहिती फार कमी लोक उघडतात. बाकी असताना कार्डावर किराणा भरला तर त्या किराण्यावर पहिल्या दिवसापासून ४२ टक्के दरानं व्याज चालू असतं. थकबाकी असलेलं कार्ड रोजच्या खर्चाला वापरणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी सवय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरं कार्ड असेल आणि त्याचं बिल पूर्ण भरलेलं असेल तर खर्च तिकडे हलवा. नसेल तर डेबिट कार्ड किंवा रोख.

पुढच्या महिन्यात मी बिल पूर्ण भरलं. तरी त्यानंतरच्या बिलात पुन्हा व्याज आलं. हे काय?

याला मागून येणारं व्याज म्हणता येईल, आणि सर्वांत जास्त तक्रारी याच्याच असतात.

वरचंच उदाहरण पारंपरिक पद्धतीच्या आकड्यांनी पुढे नेऊ. १५ ऑगस्टच्या बिलात २,००० जुने, ६,००० नवे आणि व्याज-जीएसटी मिळून १०,४८२ रुपये आले. तुम्ही ४ सप्टेंबरला पै न् पै भरली. पण बिल १५ ऑगस्टला निघालं होतं, त्यात व्याज त्या तारखेपर्यंतचंच होतं. १६ ऑगस्टपासून ४ सप्टेंबरपर्यंतचे २० दिवस ते पैसे बँकेचेच होते आणि व्याजमुक्त मुदत गेलेली होती. फक्त खरेदीचे ८,००० धरले तरी २० दिवसांचं व्याज १८४ रुपये होतं, जीएसटीसह २१७. हे १५ सप्टेंबरच्या बिलात येतं. मागचं व्याज बाकीत मिळवून त्यावर व्याज मोजणाऱ्या बँकेत हा आकडा आणखी थोडा मोठा दिसेल.

या काळात, म्हणजे १५ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर दरम्यान, केलेल्या नव्या खरेद्यांवरही व्याज लागू शकतं. मुदत परत नेमकी केव्हा सुरू होते हे बँकेच्या अटींवर असतं. कुठे एक बिल पूर्ण भरलं की पुरतं, कुठे आणखी एका बिलाची वाट पाहावी लागते.

हा २१७ रुपयांचा आकडा क्षुल्लक वाटून सोडून देण्यात खरा धोका आहे. तोही एकूण देय रकमेचाच भाग आहे. तो न भरता बाकी सगळं भरलं, तर तुम्ही पुन्हा ‘पूर्ण न भरणारे’ ठरता आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हिशेबाबद्दल शंका असली तरी आधी भरा, मग तक्रार करा. चुकीचं ठरलं तर रक्कम कार्डावर परत जमा होते.

चक्रातून लवकर सुटायचं असेल तर ड्यू डेटची वाट पाहू नका. बिल निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण भरलं तर मागून येणारं व्याज एखाद्या दिवसाचंच राहतं.

किमान देय रक्कम भरली की झालं, असं नाही का?

किमान देय, म्हणजे मिनिमम ड्यू, भरल्यानं दोन गोष्टी टळतात: उशिराचा दंड लागत नाही आणि खातं थकीत म्हणून क्रेडिट माहिती कंपन्यांकडे कळवलं जात नाही. तिसरी गोष्ट, व्याज, अजिबात टळत नाही. बिलावर ही रक्कम ठळक छापलेली असते आणि ॲपमध्ये तिचं बटण एकूण रकमेच्या शेजारीच असतं, म्हणून ती भरणं म्हणजे बिल भरणं असा समज होतो.

उरलेली रक्कम पुढे ढकलत राहण्याच्या या सोयीला रिव्हॉल्व्हिंग क्रेडिट म्हणतात. हे विनातारण कर्जच आहे, फक्त त्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि हप्त्यांची संख्या ठरलेली नसते. शेवटचा हप्ता कोणता हे कुठेही लिहिलेलं नसतं, हाच त्यातला सापळा.

किमान रक्कम काढण्याची रीत बँकेबँकेत वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी एकूण बाकीच्या ५ टक्के आणि त्यात चालू ईएमआय, कर, लिमिटपेक्षा जास्त वापरलेली रक्कम व मागचं न भरलेलं किमान देय मिळवतात. काही बँका व्याज, कर आणि शुल्क पूर्ण घेतात आणि उरलेल्या बाकीच्या २ टक्क्यांच्या आसपास जोडतात. किमान रक्कम भरूनही मूळ बाकी वाढतच जाईल अशी रचना करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलेलं आहे.

५ टक्क्यांच्या पद्धतीचा परिणाम पाहा. बाकी ५०,००० आहे, नवी खरेदी शून्य. तुम्ही २,५०० भरले, उरले ४७,५००. त्यावर महिन्याचं ३.५ टक्के व्याज आणि व्याजावरचा जीएसटी मिळून १,९६२ रुपये लागले. पुढच्या बिलात बाकी ४९,४६२. खिशातून गेले अडीच हजार आणि कर्ज कमी झालं ५३८ रुपयांनी. असं वर्षभर केलं तर भरलेली रक्कम साधारण २८,३०० होते आणि बाकी मात्र ४३,९०० च्या आसपास उरते. वर किमान रकमेचा आकडा बाकीबरोबर हळूहळू घटत जातो, म्हणून शेवट आणखी लांबतो.

याउलट एकच आकडा धरून ठेवून दर महिना ५,००० भरले तर हेच कर्ज सव्वा वर्षाच्या आत संपतं. किमान रकमेकडे बघू नका, स्वतःचा आकडा ठरवा आणि तो घटवू नका.

महिना ३.५ टक्के म्हणजे नक्की किती? याला वरची मर्यादा नाही का?

वर्षाला ४२ टक्के, आणि जीएसटी धरून ४९ टक्क्यांहून थोडं जास्त. वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. तुलना करताना हा फरक विसरला जातो.

मर्यादेबद्दल: राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त दर ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. आज ठरलेली कमाल मर्यादा नाही, त्यामुळे तुमच्या कार्डाचा दर बिलावर किंवा एमआयटीसीमध्ये स्वतः पाहणं हाच मार्ग.

पूर्ण बिल भरलं, पण एक दिवस उशीर झाला. तीन दिवसांची सूट असते ना?

ती सूट दंडासाठी आणि क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवण्यासाठी आहे. ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही किंवा खातं थकीत म्हणून कळवता येत नाही. व्याजमुक्त मुदत मात्र ड्यू डेटलाच संपते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी भरलेल्या बिलावर दंड नाही, पण व्याज लागलेलं दिसू शकतं. चौथा दिवस उजाडला तर दिवसांची मोजणी मुळच्या ड्यू डेटपासून होते, सूट संपल्यापासून नाही.

पैसे तुमच्या खात्यातून गेले तो दिवस आणि कार्डावर जमा झाले तो दिवस यांत अंतर पडू शकतं, विशेषतः दुसऱ्या बँकेच्या खात्यातून किंवा तिसऱ्या ॲपमधून भरताना. ड्यू डेटच्या तीन दिवस आधी भरा आणि जमा झाल्याचा संदेश पाहा.

माझं ऑटो-डेबिट चालू आहे. तरी व्याज लागलं.

ऑटो-डेबिटची नोंदणी करताना दोन पर्याय असतात: एकूण देय रक्कम किंवा किमान देय रक्कम. शाखेत किंवा फोनवर कार्ड घेताना किमान हा पर्याय नकळत निवडला गेलेला असू शकतो. दर महिन्याला पैसे वेळेवर जातात, संदेश येतो, सगळं सुरळीत वाटतं आणि व्याज आत साचत राहतं. ॲपमधलं ऑटो-पेचं पान उघडून एकदा खात्री करून घ्या. बदल केला तर तो चालू बिलाला लागू होईल की पुढच्या, हेही विचारा, कारण बिल निघाल्यावर केलेला बदल अनेकदा पुढच्या चक्रापासून लागू होतो.

दुसरं कारण खात्यात पुरेशी शिल्लक नसणं. मग ऑटो-डेबिट परत जातं आणि त्याचं शुल्क वेगळं लागतं.

मी वस्तू परत केली, रिफंड येणार होता, म्हणून तेवढे पैसे कमी भरले. चुकलं का?

रिफंड केव्हा आला यावर सगळं अवलंबून आहे. ड्यू डेटच्या आधी, आणि तुम्ही बिल भरण्याआधी रिफंड कार्डावर जमा झाला, तर तो लगेच देय रकमेत वळता करून तुम्हाला कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. मग तेवढी रक्कम कमी भरली तरी चालतं. पण भरण्यापूर्वी ॲपमध्ये आता देय असलेला आकडा खरोखर कमी झालाय का ते पाहा. दुकानदारानं ‘रिफंड केला’ असं सांगितलं पण कार्डावर जमा व्हायला वेळ लागला, तर मधल्या काळात तुमचं बिल अपुरं भरलेलं ठरतं. शंका असेल तर पूर्ण भरा. जास्तीची रक्कम कार्डावर शिल्लक राहते, ती पुढच्या बिलात वापरता येते किंवा खात्यात परत मागता येते.

कॅशबॅकचा भरवसा तर धरूच नका. तो देय रकमेतून वजा होईल की पुढच्या बिलात दिसेल हे त्या योजनेच्या अटींवर ठरतं.

कार्डानं एटीएममधून पैसे काढले आणि बिल पूर्ण भरलं. तरी व्याज?

रोख रकमेला व्याजमुक्त मुदत नसतेच. काढल्याच्या दिवसापासून व्याज, आणि काढण्याचं शुल्क वेगळं. काढलेच असतील तर बिलाची वाट न पाहता लगेच कार्डावर भरा.

या महिन्यात पूर्ण भरणं शक्यच नाही. कमीत कमी नुकसान कसं होईल?

तूट लहान असेल, जसे वरचे दोन हजार, तर ती ड्यू डेटच्या आधी कुठूनही भरून काढा. बचत खात्यातून, घरच्यांकडून उसने घेऊन, कसेही. दोन हजारांसाठी अडीच हजार मोजण्याची वेळ येऊ शकते हे वर पाहिलंच.

तूट मोठी असेल तर फेडीसाठी ड्यू डेटची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही, कारण व्याज दिवसावर चालतं. पहिल्या उदाहरणात ३८,००० रुपये ४ ऑगस्टऐवजी २० जुलैलाच भरले असते, तर रोजच्या शिल्लक पद्धतीत १५ दिवसांचं व्याज आणि जीएसटी मिळून ७७४ रुपये वाचले असते. पगार झाला की लगेच भरा, दोन-तीन तुकड्यांत भरलं तरी चालतं. फक्त ड्यू डेटपर्यंत सगळ्यांची बेरीज किमान देय रकमेपेक्षा कमी राहू देऊ नका.

मोठी एकच खरेदी अडचणीची असेल तर तिचा ईएमआय करून घेता येतो. दर कार्डाच्या नेहमीच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण किती जाणार हे विचारा. हे ड्यू डेटच्या आधी करा आणि त्यानंतर एक प्रश्न नक्की विचारा: आता या बिलात मला नेमके किती रुपये भरायचे आहेत? बिलावर छापलेला जुना आकडा आणि ईएमआय झाल्यानंतरचा आकडा वेगळे असतात. इथे गोंधळ होऊन थोडी रक्कम कमी भरली गेली की ईएमआय करूनही व्याजमुक्त मुदत जाते. पुढच्या बिलांत ईएमआयचा हप्ता एकूण देय रकमेत येतो, त्याला वेगळं बिल नसतं.

बाकी काही महिन्यांची साचलेली असेल तर ती स्वस्त कर्जानं एकरकमी फेडणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं ठरतं. मुदत ठेव असेल तर तिच्यावरचं कर्ज किंवा ठेव मोडणं, सोनं असेल तर सोनेतारण, नाहीतर वैयक्तिक कर्ज. सात टक्के देणारी ठेव जपून ठेवून दुसरीकडे ४२ टक्के भरत राहण्याला काही आधार नाही. मात्र रिकाम्या झालेल्या कार्डावर पुन्हा खर्च सुरू झाला तर दोन कर्जं होतील, म्हणून कर्ज फिटेपर्यंत कार्डाचं लिमिट ॲपमधून कमी करून ठेवा.

हिशेब चुकीचा वाटतो. तक्रार कशी करायची?

‘व्याज जास्त लागलं’ एवढंच लिहिलं तर छापील उत्तर येतं. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या दरानं व्याज लावलं, याचा प्रत्येक व्यवहारानुसार तक्ता. सोबत मागची दोन बिलं, पैसे जमा झाल्याचा पुरावा आणि तुमचा स्वतःचा हिशेब जोडा. तक्रार ईमेलनं किंवा ॲपमधून करा म्हणजे क्रमांक मिळतो. बिलावर आक्षेप घेतला की बँकेनं जास्तीत जास्त ३० दिवसांत कागदपत्रांसह स्पष्टीकरण द्यायचं असतं. बिल वेळेवर मिळालंच नाही अशी तक्रार असेल तर तेही लिहा, कारण व्याज सुरू होण्यापूर्वी बिल भरायला किमान एक पंधरवडा मिळायला हवा.

उशिराचा दंड आणि व्याज पहिल्यांदाच लागलं असेल तर ते माफ करण्याची विनंतीही याच पत्रात करा. बँकेवर तसं बंधन नाही, पण चांगला इतिहास असलेल्या ग्राहकाची अशी विनंती अनेकदा मान्य होते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीची तारीख आणि क्रमांक विचारतात, म्हणून तो जपून ठेवा. तक्रार चालू असतानाही पुढची बिलं पूर्ण भरत राहा, नाहीतर जुन्या व्याजाचा निकाल तुमच्या बाजूनं लागेपर्यंत नवं व्याज तयार झालेलं असेल.